टीव्हीवर गेम लावला की चित्र फरफटतं का? मोशन स्मूदिंग आणि बाकीची लुडबूड कशी बंद करायची

नवा फोर-के टीव्ही घेतला, त्याला प्लेस्टेशन नाहीतर एक्सबॉक्स जोडला, मेनूपर्यंत सगळं कसं एकदम काचेसारखं दिसतं, आणि प्रत्यक्ष खेळायला सुरुवात केली, कॅमेरा जरा झपकन वळवला की मागचं गवत, भिंती, प्रेक्षक सगळं एकमेकांत मिसळून जातं. वर बटण दाबल्यावर बॅट उशिरा फिरते असं वाटतं. मग लोक कंट्रोलरला शिव्या घालतात, एचडीएमआय केबल बदलून बघतात, कोणी इंटरनेटचा स्पीड तपासतं, आणि गेम तर बऱ्याचदा ऑफलाइन चालू असतो. बहुतेक वेळा दोष टीव्हीच्या आत चाललेल्या प्रोसेसिंगचा असतो, आणि ते सेटिंगमधून बंद करता येतं. फक्त नेमकं काय बंद करायचं आणि केल्यावर ते खरंच झालं का हे कसं ओळखायचं, एवढं कळलं पाहिजे.

आधी हे समजून घेऊ की टीव्ही चित्रात हात का घालतो. तुमचा कन्सोल सेकंदाला 60 किंवा 30 फ्रेम पाठवतो, काही गेममध्ये 120. सिनेमा मात्र सेकंदाला 24 फ्रेमचा असतो आणि आपल्याकडचं सेट-टॉप बॉक्सचं प्रक्षेपण 50 च्या हिशोबात येतं. टीव्हीचं पॅनेल मात्र सेकंदाला 60 किंवा 120 वेळा ताजं होतं. 24 फ्रेमच्या सिनेमात कॅमेरा हळू फिरला की चित्र बारीक हिसके खात सरकतं, ते लपवायला कंपन्यांनी टीव्हीत एक प्रोसेसर बसवला, जो लागोपाठच्या दोन फ्रेम बघतो, कुठली वस्तू कुठून कुठे गेली याचा अंदाज बांधतो आणि मधल्या जागी एक स्वतः बनवलेली फ्रेम घुसवतो. हेच मोशन स्मूदिंग. आपल्याकडच्या दुकानात बॉक्सवर MEMC असं छापलेलं असतं ते हेच, आणि सेल्समन ते मोठ्या कौतुकाने सांगतो. सोनी याला Motionflow म्हणते, एलजी TruMotion, सॅमसंगकडे आधी Auto Motion Plus होतं आता Picture Clarity Settings, टीसीएलमध्ये Action Smoothing, हायसेन्सच्या बऱ्याच टीव्हींत Ultra Smooth Motion, फिलिप्सकडे Perfect Natural Motion. नावं वेगवेगळी, धंदा एकच.

सिनेमात ते आवडतं की नाही हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न, मला स्वतःला अजिबात आवडत नाही, चांगला सिनेमासुद्धा मालिकेच्या शूटिंगसारखा दिसायला लागतो. पण गेममध्ये हा आवडीचा प्रश्नच राहत नाही, कारण इथे वेळेचं गणित येतं. मधली फ्रेम बनवायची तर आधीची आणि नंतरची अशा दोन्ही फ्रेम हातात पाहिजेत, म्हणजे नंतरची फ्रेम येईपर्यंत टीव्हीला थांबावंच लागतं, त्याला इलाज नाही. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण 16.7 मिलिसेकंद, 30 फ्रेमला 33 मिलिसेकंद. हा झाला कमीत कमी उशीर, प्रत्यक्षात प्रोसेसर अंदाज नीट यावा म्हणून अजून फ्रेम साठवतो, वर बाकीचं प्रोसेसिंगही त्याच रांगेत उभं असतं, त्यामुळे साध्या पिक्चर मोडमध्ये टीव्हीचा एकूण उशीर 50 मिलिसेकंदांपासून 100 च्याही पुढे जातो. तोच टीव्ही गेम मोडमध्ये टाकला तर चांगल्या सेटमध्ये हा आकडा 10 ते 15 च्या आसपास येतो. क्रिकेटच्या गेममध्ये परफेक्ट टायमिंगची जी बारीक खिडकी असते ती काही फ्रेमचीच असते, त्यात टीव्हीनेच चारपाच फ्रेम खाल्ल्या तर तुम्ही कितीही सराव करा, शॉट लेटच जाणार.

आता एक गोष्ट जी दुकानात कोणी सांगत नाही. तुमचा टीव्ही 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 वेळा ताजा होणारा असेल, आणि आपल्याकडे 43 इंचापर्यंतचे स्वस्त फोर-के टीव्ही बहुतेक तसेच असतात, आणि गेम 60 फ्रेमचा असेल, तर पॅनेलवर आणखी एक फ्रेम बसवायला जागाच शिल्लक नसते. 60 येतात, 60 दिसतात. म्हणजे MEMC चालू ठेवून चित्रात काडीचा फायदा नाही, पण सिग्नल त्या प्रोसेसिंगमधून फिरून येतो म्हणून उशीर मात्र होऊ शकतो. 30 फ्रेमच्या गेममध्ये किंवा 120 हर्ट्झच्या पॅनेलवर ते खरंच काहीतरी करतं, पण तिथेही काय करतं ते बघा.

स्मूदिंग चालू ठेवून एखाद्या मागून दिसणाऱ्या कॅमेऱ्याच्या गेममध्ये, म्हणजे ज्यात आपला माणूस पाठमोरा मध्यभागी दिसतो, कंट्रोलरची उजवी काडी हळू फिरवा. सगळं मऊ मऊ, छान. मग तीच काडी झटकन फिरवा आणि फक्त त्या माणसाच्या खांद्याकडे बघा. खांद्याच्या कडेला एक थरथरणारी झालर दिसते, जणू मागची भिंत त्याला चिकटून ओढली जातेय. कारण साधं आहे, मागचं सगळं चित्र झपाट्याने एका बाजूला जातंय आणि माणूस जागेवर आहे, तर त्या दोघांच्या मधल्या पट्टीत काय असायला हवं हे प्रोसेसरला माहीतच नाही, तो तिथे काहीतरी भरून टाकतो. तसंच स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या स्कोअरच्या आकड्यांकडे बघा, किंवा नेम धरायच्या बारीक चिन्हाकडे, ते जागेवर असूनही मागून दृश्य सरकताना त्याच्या कडा तुटतात. वेग अजून वाढला की प्रोसेसर हात टेकतो आणि मधल्या फ्रेम बनवणंच सोडून देतो, त्यामुळे चित्र एक क्षण मऊ, एक क्षण झटके असं होतं. ही लक्षणं दिसली म्हणजे स्मूदिंग चालू आहे हे नक्की, मेनू काहीही म्हणो.

पण ‘फास्ट अ‍ॅक्शन पुसट होते’ या तक्रारीमागे कितीदा तरी स्मूदिंग नसतंच, दुसराच एक भिडू असतो आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. तो म्हणजे नॉइज रिडक्शन. मेनूत हे Noise Reduction, Random Noise Reduction, Digital Noise Reduction, MPEG Noise Reduction अशा नावांनी सापडतं, सॅमसंगच्या जुन्या टीव्हीत Digital Clean View नावाने. केबलच्या वाईट सिग्नलमध्ये जे दाणे आणि चौकोन दिसतात ते पुसायला हे बनवलं. त्यातली एक पद्धत अशी की टीव्ही लागोपाठच्या फ्रेम एकमेकांत थोड्या थोड्या मिसळतो, दाणा प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतो म्हणून मिसळल्यावर तो विरतो, आणि जे जागेवर आहे ते तसंच राहतं. स्थिर चित्राला हे चालतं. पण फुटबॉलच्या गेममधला चेंडू प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतो की, मग प्रोसेसरच्या दृष्टीने तोही एक दाणाच. परिणाम असा की चेंडूच्या मागे त्याचीच एक फिकट सावली राहते, गवताचा पोत कॅमेरा थांबलेला असताना दिसतो आणि पॅन झाला की सपाट हिरवा रंग होतो, थांबला की परत गवत उगवतं. कन्सोलचा सिग्नल डिजिटल असतो, त्यात असला नॉइज नसतोच. गेममध्ये जो दाणा दिसतो तो बनवणाऱ्यांनी मुद्दाम टाकलेला असतो, तो नको असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये Film Grain बंद करा, टीव्हीला पुसायला लावू नका.

मग माझ्याकडे नक्की कोण त्रास देतंय हे कसं ओळखायचं? आणि मुळात टीव्हीच देतोय का? कारण गेमसुद्धा स्वतःहून ब्लर टाकतात, मोशन ब्लर नावाने. याची एक भारी सोपी परीक्षा आहे. जिथे पुसट वाटतं तिथे कॅमेरा जोरात फिरवा आणि फिरत असतानाच स्क्रीनशॉट घ्या, पीएस 5 वर Create बटणाने, एक्सबॉक्सवर शेअर बटणाने. हा स्क्रीनशॉट कन्सोलच्या आत तयार होतो, टीव्हीचा त्याच्याशी काडीचा संबंध नसतो. आता गॅलरीत जाऊन तो उघडा. स्थिर फोटोमध्येही भिंती ओढल्यासारख्या दिसत असतील तर ब्लर गेमने बनवलाय, टीव्हीच्या मेनूत तासभर शोधून काही मिळणार नाही, गेमच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये Motion Blur बंद करा किंवा शून्यावर आणा. पण फोटो एकदम कडक आहे, वीट न वीट दिसतेय, आणि खेळताना मात्र फरफट, तर मामला टीव्हीच्या बाजूचा आहे. बस, एवढं एक केलं तरी अर्धा गोंधळ मिटतो.

आता बंद करायच्या कामाकडे. सगळ्यात मोठं बटण म्हणजे गेम मोड. तो चालू केला की टीव्ही जवळजवळ सगळं जड प्रोसेसिंग बाजूला ठेवतो, स्मूदिंग बंद, नॉइज रिडक्शन बंद किंवा अगदी कमी, उशीर एकदम खाली. सोनी आणि बऱ्याच गूगल टीव्हीवाल्या सेटमध्ये Picture Mode मध्ये जाऊन Game निवडायचं, एलजीमध्ये Game Optimizer नावाचा मोड आहे, सॅमसंगमध्ये तो पिक्चर मोडच्या यादीत सापडत नाही, तो बाहेरच्या डिव्हाइसच्या किंवा कनेक्शनच्या सेटिंगमध्ये Game Mode म्हणून वेगळा असतो, आणि लोक इथेच फसतात, पिक्चर मोडची यादी वरखाली करून ‘माझ्या टीव्हीत गेम मोड नाहीच’ म्हणून सोडून देतात. इथे एक फरक लक्षात ठेवा, Filmmaker Mode किंवा Cinema म्हणजे गेम मोड नाही. Filmmaker Mode हे यूएचडी अलायन्सने 2019 मध्ये आणलं, त्यात स्मूदिंग, नॉइज रिडक्शन, शार्पनिंग सगळं बंद होतं, चित्र दिग्दर्शकाला हवं तसं दिसतं, रंगही सुंदर असतात. पण उशीर कमी करणं हा त्याचा हेतूच नाही. म्हणजे त्यात चित्र स्वच्छ दिसेल आणि तरी बॅट उशिरा फिरेल असं होऊ शकतं.

नवीन टीव्ही आणि नवीन कन्सोल असेल तर हे आपोआपही होतं. एचडीएमआय 2.1 सोबत ALLM नावाची सोय आली, त्यात कन्सोल टीव्हीला निरोप देतो की आता गेम चालू आहे, तू गेम मोडमध्ये जा. एक्सबॉक्समध्ये ही सोय 2018 पासून आहे, मेनूत Allow auto low-latency mode असं लिहिलेलं असतं. पीएस 5 मध्ये ती नंतर अपडेटने आली, Screen and Video च्या आत Video Output मध्ये सापडेल. पीएस 4 वाल्यांनी आणि जुन्या निन्टेन्डो स्विचवाल्यांनी मात्र वाट बघत बसू नका, तिथे हाताने गेम मोड लावायचा. आणि कन्सोल थेट टीव्हीला न लावता जुन्या साउंडबार किंवा होम थिएटरमधून फिरवून आणला असेल तर हा निरोप मधेच गळू शकतो. तसं वाटलं तर एकदा कन्सोल थेट टीव्हीला लावून बघा, लगेच कळेल.

गेम मोड लावल्यावर काही सेटमध्ये स्मूदिंगचा ऑप्शन करडा होतो, हात लावता येत नाही, म्हणजे काम झालं. पण काही सेटमध्ये तो गेम मोडमध्येही उघडा राहतो, म्हणून जाऊन बघायचंच. सॅमसंगचा रस्ता Picture, Expert Settings, तिथे Picture Clarity Settings, आणि त्यात Off. एलजीच्या अलीकडच्या टीव्हींत Picture, Advanced Settings, Clarity, मग TruMotion. सोनीच्या गूगल टीव्हीत Display & Sound, Picture, तिथे Motion मध्ये Motionflow, आणि शेजारीच Clarity मध्ये दोन्ही नॉइज रिडक्शन असतात, तीही बंद करा. बाकीच्या अँड्रॉइड टीव्हींत पिक्चरच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये MEMC असा सरळ ऑप्शन मिळतो. वर्षागणिक हे मेनू हलवायची कंपन्यांना काय हौस आहे देव जाणे, त्यामुळे रस्ता तंतोतंत जुळला नाही तर motion, clarity, noise हे तीन शब्द डोक्यात ठेवून शोधा. एलजी आणि सॅमसंगच्या मेनूत स्मूदिंगचे दोन स्लायडर दिसतील, एक ज्युडरचा, म्हणजे त्या बारीक हिसक्यांचा, आणि एक ब्लरचा. नावावरून वाटतं की ब्लर कमी करणारा तरी चालू ठेवावा, पण तो ब्लर कमी करतो तो मधल्या फ्रेम बनवूनच. दोन्ही शून्यावर.

यात सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ते सांगतो. पिक्चर सेटिंग हे पूर्ण टीव्हीसाठी एकच नसतं. बहुतेक टीव्हींत ते प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळं साठवलं जातं, आणि एवढ्यावर थांबत नाही, त्याच पोर्टवर साध्या सिग्नलसाठी एक संच आणि एचडीआर, म्हणजे उजेड आणि अंधारातला जास्त फरक दाखवणाऱ्या सिग्नलसाठी दुसरा संच असतो. म्हणजे तुम्ही रविवारी सकाळी टीव्हीच्या होम स्क्रीनवर बसून सगळं बंद केलंत, ते फक्त टीव्हीच्या आतल्या अ‍ॅप्ससाठी झालं. किंवा कन्सोलच्या मेनूवर असताना केलंत, ते साध्या सिग्नलसाठी झालं, मग गेम चालू झाला, कोपऱ्यात एचडीआरचा बिल्ला चमकला आणि टीव्ही निमूटपणे दुसऱ्या संचावर गेला, जिथे सगळं कारखान्यातून आलं तसंच चालू आहे. म्हणून नियम एकच, जो गेम खेळायचाय तो चालू करा, मैदानात उतरा, पॉज करा, आणि मग टीव्हीच्या रिमोटने मेनू उघडून बदल करा. एचडीआर नसलेला गेम असेल तर त्यासाठी परत एकदा. एक्सबॉक्सवर डॉल्बी व्हिजन वापरत असाल तर तो तिसरा संच. ‘सगळ्या इनपुटला लागू करा’ असा ऑप्शन काही मेनूत असतो, पण तो दाबलात तर सेट-टॉप बॉक्सचंही सेटिंग बदलेल, आणि संध्याकाळी मालिका बघताना आई विचारेल की टीव्हीला काय केलंस, तेव्हा जरा विचार करून.

आता एक खरं उदाहरण. माझ्या मावसभावाकडे 43 इंचाचा, 60 हर्ट्झचा, MEMC वाला अँड्रॉइड टीव्ही आहे, कंपनीचं नाव सोडा, आणि त्याला पीएस 4 जोडलेला. तक्रार अशी की क्रिकेटच्या गेममध्ये फास्ट बोलर आला की हा कायम लेट, आणि चेंडू हातातून सुटल्यावर टप्प्यापर्यंत धूसर पट्टा दिसतो. आधी स्क्रीनशॉट घेतला, त्यात चेंडू व्यवस्थित गोल, कडा स्पष्ट, म्हणजे गेम सुटला. मग उशीर मोजला. त्याला यंत्र लागत नाही, फोनच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला 240 फ्रेमचा ऑप्शन असला की झालं. फोन असा धरायचा की कंट्रोलरचं बटण आणि टीव्हीची स्क्रीन दोन्ही एकाच चौकटीत दिसतील, बटण जोरात दाबायचं, आणि मग व्हिडिओ एक एक फ्रेम पुढे सरकवत मोजायचं की बटण तळाला टेकल्यापासून स्क्रीनवर हालचाल सुरू होईपर्यंत किती फ्रेम गेल्या. एक फ्रेम म्हणजे साधारण 4.2 मिलिसेकंद. एकाच वेळी मोजून थांबायचं नाही, बटण दाबायचा क्षण कधी फ्रेमच्या आधी पडतो कधी नंतर, त्यामुळे आकडा थोडा हलतो, अनेकदा मोजून सरासरी घ्यायची.

स्टँडर्ड मोडमध्ये, MEMC चालू असताना, सरासरी 41 फ्रेम आली, म्हणजे जवळजवळ 170 मिलिसेकंद. MEMC आणि नॉइज रिडक्शन बंद करून गेम मोड लावल्यावर 22 फ्रेम, म्हणजे 92 च्या आसपास. हा आकडा अजूनही मोठा वाटेल, पण यात कंट्रोलरचा वायरलेस प्रवास, कन्सोल आणि गेमचा स्वतःचा विचार करायला लागणारा वेळ सगळं धरलेलं आहे, आणि त्या भागाला टीव्ही काही करू शकत नाही. आपल्याला फरक महत्त्वाचा, 19 फ्रेम, म्हणजे 79 मिलिसेकंद, 60 च्या गेमच्या जवळपास पाच फ्रेम. तेवढं टीव्ही एकटा खात होता. गंमत म्हणजे बदल केल्यावर पहिल्या काही ओव्हर हा पठ्ठ्या कायम अर्ली खेळत होता, कारण हाताला उशिराची सवय लागली होती, बोलरने चेंडू सोडायच्या आधीच बॅट. ते बसायला थोडा वेळ जातो, लगेच सेटिंग परत फिरवू नका.

चेंडूमागचा धूसर पट्टाही बराच गेला, पण पूर्ण नाही, आणि तो पूर्ण का जात नाही हे सांगितलं नाही तर तुम्ही उरलेलं आयुष्य मेनूत घालवाल. सगळं प्रोसेसिंग बंद केल्यावरही दोन कारणांनी हालचाल थोडी पुसट दिसतेच. एक म्हणजे पॅनेलची पद्धत. आजचे टीव्ही एक फ्रेम दाखवतात आणि पुढची येईपर्यंत ती तशीच धरून ठेवतात, आपला डोळा मात्र चेंडूबरोबर सरकत राहतो, त्यामुळे ती थांबलेली फ्रेम डोळ्याच्या पडद्यावर घासली जाते. हिशोब सरळ आहे, एखादी वस्तू सेकंदाला 960 पिक्सेल वेगाने चालली असेल तर 60 फ्रेममध्ये प्रत्येक फ्रेमला 16 पिक्सेल, आणि तितकीच तिची कड पसरलेली दिसते. महागड्या ओलेडवरही हे होतं. 120 फ्रेमचा गेम 120 हर्ट्झच्या टीव्हीवर खेळलात तर ते निम्म्यावर, 8 पिक्सेलवर येतं, हा एकच बिनतोट्याचा इलाज. दुसरं कारण फक्त एलसीडी, त्यातही व्हीए पॅनेलवाल्यांसाठी. काळ्यातून गडद करड्यात जायला त्या पॅनेलचे पिक्सेल आळशी असतात, म्हणून रात्रीच्या दृश्यात किंवा गुहेत कॅमेरा फिरवला की मागे काळी शेपटी राहते आणि दिवसाच्या दृश्यात तोच टीव्ही ठीक वाटतो. फक्त अंधारातच त्रास होत असेल तर तो पॅनेलचा स्वभाव आहे, सेटिंगने जात नाही.

मेनूत एक ऑप्शन असतो जो या पहिल्या कारणावर खरंच काम करतो, दोन फ्रेमच्या मध्ये क्षणभर स्क्रीन काळी करायची. सॅमसंगमध्ये LED Clear Motion, बाकीच्यांकडे वेगवेगळी नावं. हा मधल्या खोट्या फ्रेम बनवत नाही म्हणून कडा खरोखर स्पष्ट होतात, पण उजेड बराच कमी होतो, 60 वर पापणी लवल्यासारखी लुकलुक जाणवते आणि काहींचं अर्ध्या तासात डोकं दुखतं. दुपारी खिडकी उघडी ठेवून खेळणाऱ्याच्या कामाचा नाही. एकदा लावून बघा, नाही जमलं तर बंद.

शार्पनेसबद्दल थोडक्यात. तो वाढवल्याने पुसट हालचाल स्पष्ट होत नाही, फक्त अक्षरांभोवती पांढरी रेघ उमटते. गेमच्या मेनूतल्या अक्षरांकडे बघत ती रेघ जाईपर्यंत खाली आणा. शून्य म्हणजे न्यूट्रल असं सगळीकडे नसतं, सोनीमध्ये ते 50 ला असतं, तेव्हा आकड्यापेक्षा रेघेवर विश्वास ठेवा.

आता राहिले 30 फ्रेमचे गेम, आणि इथे मात्र मी कट्टर नाही. स्मूदिंग बंद केल्यावर 30 फ्रेमचा गेम जरा अडखळत चालल्यासारखा वाटतो, ओलेडवर तर जास्तच, कारण त्याचे पिक्सेल इतके चपळ की प्रत्येक फ्रेमचा झटका उघडा पडतो. पहिला उपाय टीव्हीत नाही, कन्सोलमध्ये आहे. बऱ्याच गेममध्ये ग्राफिक्ससाठी दोन मोड असतात, एक रिझोल्यूशनला महत्त्व देणारा आणि एक परफॉर्मन्सचा, ज्यात चित्र किंचित मऊ पण 60 फ्रेम मिळतात. पीएस 5 मध्ये तर Game Presets मध्ये जाऊन Performance Mode एकदाच निवडून ठेवता येतो, जे गेम ते मानतात ते आपणहून त्यात चालू होतात. टीव्हीने अंदाजाने बनवलेल्या फ्रेमपेक्षा गेमने स्वतः काढलेली फ्रेम केव्हाही बरी, कारण त्या फ्रेममध्ये तुमच्या बटणाचा हिशोब धरलेला असतो, टीव्हीच्या फ्रेममध्ये तो नसतो.

गेममध्ये तसा मोडच नसेल, गोष्टीचा संथ गेम असेल, जिथे रपेट मारत डोंगरदऱ्या बघायच्या आहेत आणि टायमिंगचं काही नाही, तर सॅमसंगच्या गेम मोडमधलं Game Motion Plus लावून बघायला हरकत नाही, ते थोडा उशीर वाढवून स्मूदिंग देतं, पूर्ण प्रोसेसिंगइतका नाही. मी ते कमी ठेवून लावतो, खांद्याची झालर दिसायला लागली की अजून कमी. नंतर फुटबॉल लावायच्या आधी मात्र परत बंद करायचं, कारण ते सेटिंग त्याच एचडीएमआय पोर्टला चिकटलेलं असतं आणि कोणता गेम चालू आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.